आईची पिशवी, लेकीचं पोट

१८ मे २०१७ रोजी पुण्यातल्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात सोलापूरकडची एक मायलेकीची जोडी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. लेक एकविशीतली, जन्मापासूनच गर्भाशय नसलेली. आईचं गर्भाशय काढून ते लेकीच्या पोटात बसवायचं होतं. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या पथकाला त्या दिवशी सुमारे नऊ तास लागले. दुसऱ्या दिवशी, १९ मे रोजी, त्याच ठिकाणी गुजरातहून आलेल्या दुसऱ्या एका मायलेकीची शस्त्रक्रिया झाली. भारतातली ही पहिली दोन गर्भाशय प्रत्यारोपणं. वर्तमानपत्रांनी तो चमत्कार म्हणून छापला. चमत्कार म्हटलं की मागचा हिशेब कोणी विचारत नाही, आणि इथे तर तो हिशेब फार लांबचा आहे. तो मांडायला बसलं की एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते: गर्भाशय बसवायला डॉक्टर जे शिकले, त्यातलं बरंचसं ते गर्भाशय काढता काढता शिकले.

मी चांदूर बाजारला स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. इथून पुण्याला जायचं म्हणजे एक रात्र प्रवासात जाते. पण ज्या आजारापासून ही गोष्ट सुरू होते, तो आमच्या तालुक्यातही आहेच. जन्मणाऱ्या साधारण पाच हजार मुलींमागे एकीला गर्भाशय नसतं किंवा त्याच्या जागी बोटाएवढी गाठ असते. गर्भात असताना पहिल्या काही आठवड्यांत दोन बारीक नळ्या एकमेकींना येऊन मिळतात. त्यांतून गर्भनलिका, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग तयार होतो. या मुलींमध्ये ते मिळणं अर्धवट राहतं. बीजकोशांचा उगम वेगळा असल्यामुळे ते मात्र शाबूत असतात. म्हणून मुलगी वेळेवर वयात येते, छातीची वाढ नीट होते, अंगाची ठेवण चारचौघींसारखी असते. फक्त पाळी येत नाही. घरचे वर्ष-दोन वर्षं वाट पाहतात, मग कोणाचा तरी काढा, मग देवदेव, आणि बहुतेक वेळा लग्नाची बोलणी सुरू झाली की सोनोग्राफी.

बॉनमधल्या मायर यांनी १८२९ मध्ये अशा रचनेचं वर्णन लिहून ठेवलं आणि १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी. रोकिटान्स्की हे शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. म्हणजे पहिली नोंद झाली ती मेलेल्या बायकांच्या शरीरावरून. १९१० मध्ये क्युस्टर आणि १९६१ मध्ये हाउझर यांनी जिवंत रुग्णांतली चित्रं एकत्र जुळवली. या चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांनी आज हा विकार ओळखला जातो. हाउझर यांचं योगदान मला महत्त्वाचं वाटतं, कारण हा विकार आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा विकार यांतला फरक त्यांनी ठळक केला. त्या दुसऱ्या विकारात मुलगी बाहेरून मुलगीच दिसते, पण गुणसूत्रं पुरुषाची असतात आणि बीजकोशांऐवजी पोटात वृषणं असतात. गर्भाशय दोन्हींत नसतं. त्यामुळे ‘पिशवी दिसत नाही’ एवढ्या सोनोग्राफीच्या अहवालावर मी कधीच थांबत नाही. गुणसूत्रांची तपासणी बाहेर पाठवते आणि मूत्रपिंडंही पाहून घेते, कारण या मुलींपैकी बऱ्याच जणींना एकच मूत्रपिंड असतं. या एका मूत्रपिंडाला पुढे या गोष्टीत मोठं महत्त्व येणार आहे.

तिसरीही एक शक्यता असते आणि ती चुकवणं वाईट. पाळी येतच असते, पण बाहेर पडायची वाट पडद्याने बंद असते. ती मुलगी दर महिन्याला पोट धरून बसते. तिचं दुखणं छोट्या शस्त्रक्रियेने संपतं. गर्भाशय नसलेल्या मुलीचं तसं काही दुखत नाही. तिला काहीच होत नाही, आणि त्यामुळेच निदान लांबतं.

निदान सांगितल्यावर खोलीत जे होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. मुलगी गप्प असते, आई बोलते. एकदा एका आईने माझ्याकडे न पाहता टेबलाकडे पाहत विचारलं, “मॅडम, माही पिशवी आता काय कामाची हाय? तिले नाही का बसवता येत?” ती शेतमजुरी करणारी बाई होती आणि पुण्यात काय झालं हे तिने ऐकलेलं नव्हतं. प्रश्न तिचा तिलाच सुचला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात एका तरुणीने तिच्या डॉक्टरला जवळपास हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यातून पुढचं बरंच काही घडलं. पण तिथे पोचण्याआधी मागे जावं लागेल.

अवयव बसवायचा तर रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवता आली पाहिजे. हे तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शल्यविशारद ॲलेक्सिस कॅरल यांनी बसवलं आणि १९१२ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. आमच्या वऱ्हाडात संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. साल सालीला नीट भिडली की डोळा फुटतो आणि झाड आयुष्यभर दुसऱ्याच्या मुळावर जगतं. प्राण्याच्या शरीरात शिवण कितीही सुरेख झाली तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण शरीर परकं ओळखतं आणि त्यावर हल्ला करतं. कॅरल यांनाही हे दिसलं होतं, पण त्यावर उपाय त्यांच्या हाती नव्हता.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात एरास्लान, हॅमर्निक आणि हार्डी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांनी कुत्रीचं गर्भाशय पूर्ण सोडवलं आणि त्याच कुत्रीत परत शिवून बसवलं. अवयव स्वतःचाच असल्यामुळे नाकारला जाण्याचा प्रश्न नव्हता. त्या गर्भाशयात पुढे गर्भ वाढला आणि पिल्लं झाली. मुळातून तोडून पुन्हा जोडलेलं गर्भाशय गर्भ पोसू शकतं, हे या प्रयोगाने दाखवलं. पण त्या काळात या संशोधनाचा रोख गर्भाशय नसलेल्या बायकांकडे नव्हता. गर्भनलिका बंद असलेल्या बायकांना नलिका आणि गर्भाशय एकत्र बदलून देता येईल का, हा त्यामागचा मोठा विचार होता.

मग २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून ‘दुर्गा’ जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ झालं. नलिका बंद असली तरी आता अडणार नव्हतं, बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करता येत होतं. गर्भाशय प्रत्यारोपणाचं संशोधन जवळजवळ थंडावलं. ज्यांना मुळात पिशवीच नाही त्या बायकांचा विचार त्या आनंदात मागे पडला. मात्र पुढे याच टेस्ट ट्यूब तंत्राशिवाय गर्भाशय प्रत्यारोपण शक्य झालं नसतं. नव्या गर्भाशयाला बाईच्या नलिका जोडत नाहीत, त्यामुळे गर्भ बाहेरच तयार करून आत सोडावा लागतो.

दुसरा एक धागा मूत्रपिंडाचा. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. दोन वर्षांनी एका तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड मिळालं आणि १९५८ मध्ये तिला बाळ झालं. दुसऱ्याचा अवयव घेतलेली बाई गरोदर राहू शकते, हे तिथे सिद्ध झालं. पुढे परक्या अवयवावरचा शरीराचा हल्ला आवरणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधं आली. पहिलं एका बुरशीतून मिळालं आणि दुसरं जपानमधल्या मातीतल्या जिवाणूंतून. ही औषधं घेत हजारो बायकांनी मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणानंतर मुलांना जन्म दिला. गर्भाला कोणतं औषध चालतं आणि कोणतं चालत नाही, याची माहिती त्या बायकांच्या अनुभवातून जमा झाली. गर्भाशय प्रत्यारोपण करणाऱ्यांना ती आयती मिळाली.

माणसावरचा पहिला नोंदलेला प्रयत्न सौदी अरेबियातल्या जेद्दामध्ये एप्रिल २००० मध्ये झाला. डॉ. वफा फकीह यांची रुग्ण २६ वर्षांची होती. बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळे तिचं गर्भाशय काढावं लागलं होतं. दाती ४६ वर्षांची, तिच्या बीजकोशांत गाठी असल्यामुळे तिच्यावर शस्त्रक्रिया होणारच होती. काढलेल्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तोकड्या पडल्या, म्हणून पायातल्या शिरेचे तुकडे जोडून त्या लांबवाव्या लागल्या. गर्भाशय जगलं. संप्रेरकांच्या गोळ्या दिल्यावर दोनदा पाळीही आली. ९९व्या दिवशी मात्र ते काढून टाकावं लागलं. रक्तवाहिन्यांत गुठळी झाली होती. गर्भाशय आतून नीट बांधलेलं नसल्यामुळे ते खाली घसरलं, वाहिन्यांना पीळ आणि ताण बसला, असा निष्कर्ष निघाला. या अपयशातून पुढच्यांनी तीन गोष्टी उचलल्या. वाहिन्या दातीकडून पुरेशा लांब घ्यायच्या, जोड श्रोणीतल्या मोठ्या वाहिन्यांनाच द्यायचा, आणि गर्भाशयाचे बंध पोटाच्या भिंतींना घट्ट शिवायचे.

आता ॲडलेडची ती तरुणी. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तिचं गर्भाशय काढावं लागणार होतं. स्वीडनहून तिथे कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकायला आलेले मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम तिला ते समजावून सांगत होते. तिने विचारलं, “माझ्या आईचं गर्भाशय मला बसवता येईल का?” ब्रॅनस्ट्रॉम यांना ती कल्पना आधी विचित्र वाटली, पण ती त्यांच्या डोक्यातून जाईना. गोथेनबर्गला परतल्यावर १९९९ पासून त्यांनी काम सुरू केलं. आधी उंदीर, मग मेंढ्या, डुकरं, मग बबून माकडं. माणसाकडे वळेपर्यंत त्यांनी एक तपाहून अधिक काळ घेतला. आज कोणी कुठे घाईने असा प्रयोग केला की मला तो काळ आठवतो. जेद्दामध्ये जे चुकलं ते गोथेनबर्गमध्ये आधी मेंढीवर चुकवून पाहिलं जात होतं.

मधल्या काळात, २०११ मध्ये, तुर्कस्तानातल्या अंताल्याला ओमर ओझकान यांनी जन्मतः गर्भाशय नसलेल्या तरुणीला मृत दातीचं गर्भाशय बसवलं. गर्भाशय टिकलं, पण गर्भ टिकेनात. तिला बाळ झालं ते २०२० मध्ये, नऊ वर्षांनी. गर्भाशय जगणं आणि गर्भ जगणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे या उदाहरणाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

स्वीडनमध्ये २०१२ आणि २०१३ मध्ये नऊ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या आठ जणी जन्मतः गर्भाशय नसलेल्या होत्या. निम्म्याहून अधिक जणींना गर्भाशय आईनेच दिलं. पहिल्या काही महिन्यांत दोन गर्भाशयं काढावी लागली, एक रक्ताच्या गुठळीमुळे आणि एक जंतुसंसर्गामुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये उरलेल्या सातांपैकी एकीला मुलगा झाला. तिचं वय ३५ आणि दाती होती ६१ वर्षांची कुटुंबमैत्रीण, जिची पाळी काही वर्षांपूर्वीच थांबली होती. वय झालेलं गर्भाशयही संप्रेरकांनी जागं होऊन गर्भ पोसू शकतं, बीजकोशाचं वय वेगळं आणि गर्भाशयाचं वेगळं, हे त्या बाळाने दाखवलं. त्या आईला मूत्रपिंड एकच होतं. गरोदरपणात रक्तदाब वाढला आणि ३२वा आठवडा पुरा होण्याआधीच सिझेरियन करावं लागलं. बाळाचं वजन १,७७५ ग्रॅम. पुढे त्या नऊ जणींपैकी सहा जणींना मिळून नऊ मुलं झाली.

स्वीडनच्या यादीत एक आकडा मात्र डोळ्यांत खुपणारा होता. दाती बाईची शस्त्रक्रिया दहा ते तेरा तास चालत होती. जिला कोणताच आजार नाही, त्या बाईला एवढा वेळ भूल देऊन पोट उघडं ठेवायचं? एवढा वेळ का लागतो, ते समजून घ्यायला पोटातली एक जागा जवळून पाहावी लागेल.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी त्याची धमनी येते आणि तिच्या खालून मूत्रनलिका मूत्राशयाकडे जाते. दोघींमध्ये अंतर फार थोडं. त्याच जागी गर्भाशयाच्या शिरांचं एक जाळं असतं. शिरांच्या भिंती कागदासारख्या पातळ आणि त्या मूत्रनलिकेला वेढून असतात. नेहमीच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेत आपण गर्भाशयाच्या अगदी कडेला वाहिनी बांधतो आणि कापतो, या गुंत्यात शिरायचं कारणच पडत नाही. प्रत्यारोपणासाठी मात्र गर्भाशयाला लांब वाहिन्यांसकट काढायचं असतं. म्हणजे मूत्रनलिका त्या जाळ्यातून अखंड सोडवायची, शिरा न फाटता उचलायच्या, आणि हे सगळं दातीला काहीही इजा न करता. स्वीडनमधल्या एका दातीच्या मूत्रनलिकेला छिद्र पडलंच आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

या जागेत पूर्वी कोणी शिरलं होतं का? शिरलं होतं, कर्करोगाच्या मागे. नोव्हेंबर १८९८ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट व्हेर्टहाइम यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गर्भाशय आणि त्याच्या आजूबाजूचा भाग एकत्र काढण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी मूत्रनलिका त्या जाळ्यातून सोडवावीच लागते. सुरुवातीला त्यांच्या कित्येक रुग्ण दगावल्या. पुढे जपानमध्ये ओकाबायाशी यांनी ही शस्त्रक्रिया अधिक नेमकी केली. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग फार, त्यामुळे इथल्या शल्यविशारदांचे हात या जागेत वर्षानुवर्षं फिरत राहिले. पुण्यात डॉ. पुणतांबेकर यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याची रीत बसवली आणि २००७ मध्ये २४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जगातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांत ती ‘पुणे तंत्र’ या नावाने ओळखली जाते.

२०१७ च्या मे महिन्यात पुण्यात जे वेगळं झालं ते इथे. दातीचं पोट मोठा छेद देऊन उघडण्याऐवजी दुर्बिणीतून वाहिन्या आणि मूत्रनलिका सोडवल्या गेल्या, आणि गर्भाशय शेवटी छोट्या छेदातून बाहेर काढलं. दुर्बिणीत ती जागा मोठी आणि स्वच्छ दिसते, शिरांच्या बारीक फांद्या वेगळ्या ओळखता येतात. दातीच्या टेबलावरचा वेळ स्वीडनच्या मानाने निम्म्याहूनही कमी झाला. कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना आपण ते गर्भाशय फेकून देण्यासाठी काढतो. इथे तीच हालचाल, तोच मार्ग, पण काढलेलं गर्भाशय थंड द्रावणाने धुऊन लगेच शेजारच्या बाईसाठी न्यायचं. ‘काढता काढता शिकले’ असं मी वर म्हटलं ते याच अर्थाने. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला तुकडा हा असा आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे.

घेणाऱ्या बाईच्या बाजूचं काम शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू झालेलं असतं. तिच्या बीजकोशांतून बीजं काढून नवऱ्याच्या शुक्राणूंनी फलित करायची आणि तयार गर्भ गोठवून ठेवायचे. चांगले गर्भ हाती असल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात घालायचा नाही, हा नियम. मग गर्भाशयाच्या धमन्या आणि शिरा तिच्या श्रोणीतल्या मोठ्या वाहिन्यांना शिवायच्या, आणि खाली योनीला जोड द्यायचा. जन्मतः गर्भाशय नसलेल्या मुलींची योनी बहुतेकदा आखूड असते, ती आधी ताणून किंवा शस्त्रक्रियेने तयार केलेली असावी लागते. क्लॅम्प सुटले आणि फिकट गर्भाशय गुलाबी झालं की शिवण चालू आहे हे डोळ्यांना कळतं. त्यानंतरची खूण म्हणजे पाळी, बहुधा एक-दोन महिन्यांत. ज्या मुलीने विशीपर्यंत पाळी पाहिलेली नाही तिच्यासाठी ते रक्त म्हणजे गर्भाशय जगल्याची पावती असते.

धोका मात्र दिसत नाही. मूत्रपिंड नाकारलं जाऊ लागलं तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. गर्भाशयासाठी असा रक्ताचा आकडा नाही. नसा जोडलेल्या नसल्यामुळे दुखतही नाही. म्हणून ठरावीक अंतराने गर्भाशयाच्या मुखाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यात पेशींचा हल्ला दिसला तर स्टेरॉइडचा मोठा डोस देतात आणि बहुतेकदा तो आवरतो. औषधांतलं मायकोफिनोलेट गर्भाला व्यंग आणू शकतं, ते गर्भ सोडण्याच्या पुष्कळ आधी बंद करून अझाथायोप्रिन सुरू करावं लागतं. टॅक्रोलिमस चालू राहतं आणि ते मूत्रपिंडाला जड जातं. एकच मूत्रपिंड असलेल्या मुलीच्या बाबतीत म्हणूनच मी सगळ्यात आधी तो अहवाल मागते.

पूर्वी वर्षभर थांबून एकच गर्भ सोडत, आता काही ठिकाणी सहा महिन्यांतच सोडतात. कळा त्या बाईला नीट जाणवत नाहीत, आणि जोडलेल्या भागावर कळांचा भार देणंही नको, म्हणून बाळ सिझेरियननेच काढायचं. एक किंवा दोन मुलं झाली की गर्भाशय काढून टाकायचं, म्हणजे औषधं थांबवता येतात. इतर प्रत्यारोपणांहून हे इथे वेगळं आहे. अवयव आयुष्यभरासाठी बसवलेला नसतो.

पुण्याच्या पहिल्या दोन शस्त्रक्रियांपैकी बाळ झालं ते दुसऱ्या बाईला. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी गॅलेक्सी केअरमध्ये तिला मुलगी झाली, दिवस पुरे व्हायच्या आधी, सिझेरियनने, वजन १,४५० ग्रॅम. भारतातलं प्रत्यारोपित गर्भाशयातलं ते पहिलं बाळ. ज्या गर्भाशयात आई वाढली, त्याच गर्भाशयात तिची मुलगी वाढली. हे सगळीकडे छापून आलं. एक गोष्ट बातम्यांत बारीक अक्षरात राहिली: ती बाई जन्मतः गर्भाशय नसलेली नव्हती. तिला गर्भाशय होतं, आधी गर्भही राहिले होते आणि गेले होते, आणि नंतर गर्भाशयाच्या आतल्या भिंती व्रणांनी चिकटून निकामी झाल्या होत्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे पालक त्या बाळाची बातमी मोबाइलवर दाखवतात, तेव्हा मी हा फरक आवर्जून सांगते.

मग यश किती, असा प्रश्न येतो. मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो तो अमेरिकेतल्या डॅलसचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब. वीस बायकांना गर्भाशय बसवलं. चौदा जणींचं टिकलं आणि त्या चौदाही जणींना बाळ झालं. सहा जणींचं सुरुवातीलाच काढावं लागलं. अठरा जिवंत दात्यांपैकी चौघींना गंभीर गुंतागुंत झाली. हा आकडा मी आईला आधी सांगते आणि लेकीचा नंतर. मृत दातीचं गर्भाशय घेतलं तर जिवंत बाईला धोका नाही. ब्राझीलच्या साओ पावलोत २०१६ मध्ये बसवलेल्या अशा गर्भाशयातून डिसेंबर २०१७ मध्ये निरोगी मुलगी झाली. पण त्यासाठी नेमक्या वेळी दाती, पथक आणि घेणारी जुळून यावी लागते.

याच राज्यात गर्भाशयाबद्दलची दुसरी एक बातमी २०१९ मध्ये आली, ती बीडहून. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांतल्या कित्येक तरुण. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, किरकोळ दुखण्याला कर्करोगाची भीती घातली म्हणून. पुण्यात एका पिशवीसाठी बारा डॉक्टर नऊ तास राबतात, आणि बीडमध्ये तासाभरात पिशवी काढून बाई पुन्हा कोयता घेते. या दोन बातम्या मला एकमेकींपासून वेगळ्या वाचता येत नाहीत. आमच्याकडेही ‘पिशवी काढून टाका’ म्हणत तिशीतल्या बायका येतात आणि त्यांना परत पाठवताना मला बराच वेळ बोलावं लागतं.

बायकोला गर्भाशय नसलेल्या जोडप्यापुढे दुसरा कायदेशीर मार्ग सरोगसीचा आहे. २०२१ चा कायदा २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला आणि त्याच्या नियमांत गर्भाशय नसणं हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण पैसे देऊन सरोगसी आता करता येत नाही. दुसऱ्याचं मूल पोटात वाढवायला तयार असलेली, २५ ते ३५ वयाची, विवाहित, स्वतःचं मूल असलेली बाई लागते, आणि तिला हे आयुष्यात एकदाच करता येतं. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणि ३६ महिन्यांचा विमा लागतो. आमच्या भागातल्या कुटुंबांना अशी बाई नात्यात शोधणं जड जातं, कारण गोष्ट गावभर होते. तरीही वैद्यकीयदृष्ट्या हा मार्ग प्रत्यारोपणापेक्षा सोपा आहे, आणि दत्तक घेणं त्याहून सोपं. प्रत्यारोपण अजून प्रयोगच आहे, असं माझं मत आहे, आणि ते मी लपवत नाही.

ज्या आईने टेबलाकडे पाहत प्रश्न विचारला होता, तिला मी ‘बसवता येतं’ असंच उत्तर दिलं, कारण ते खरं आहे. मग कागदावर लिहून दिलं: आधी मुलीची गुणसूत्रं आणि मूत्रपिंडं. तुमचा आणि तिचा रक्तगट. तुमचा रक्तदाब, साखर, गर्भाशयमुखाची तपासणी, आणि आधीच्या बाळंतपणांत सिझेरियन किती, कारण जुने व्रण असलेलं गर्भाशय चालेलच असं नाही. मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांना आधी सांगायचं, लपवायचं नाही. गर्भ गोठवण्याचा विचार लग्नानंतर नवरा-बायको दोघांनी मिळून करायचा. त्याआधी तिची बारावी होऊ द्या.

मुलगी अठराची होती. जाताना तिने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं की योनीच्या उपचाराला किती दिवस कॉलेज बुडेल. मी तिला सांगितलं की ताणण्याचा उपचार घरीच, रोज थोडा वेळ, काही महिने करायचा असतो, कॉलेज बुडत नाही, आणि तो कधी सुरू करायचा हे तिने ठरवायचं.